कुष्ठरोगाचे औषध चालू असताना चट्टे सुजले, तर गोळ्या बंद करू नका

वस्त्यांमध्ये काम करताना एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतो. कुष्ठरोगाचे निदान होते, सरकारी दवाखान्यात मोफत औषध सुरू होते, दोन-चार महिने सगळे ठीक चालते. मग एक दिवस चट्टे लाल होऊन सुजतात. "औषध उलटले" असे घरचे म्हणतात आणि गोळ्या थांबतात. हात-पाय गमावण्याचा खरा धोका इथेच असतो.

एका ऊसतोड कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याच्या अंगावर पाचपेक्षा जास्त बधिर चट्टे होते. म्हणून त्याला बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, १२ महिन्यांसाठी सुरू झाला. मोठ्या माणसाचे लाल पाकीट २८ दिवसांचे असते. पहिल्या दिवसाचा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा. त्यात रिफाम्पिसिनच्या दोन, क्लोफाझिमिनच्या तीन आणि डॅप्सोनची एक गोळी असते. उरलेले २७ दिवस घरी रोज डॅप्सोन आणि क्लोफाझिमिनची एकेक गोळी. मुलांसाठी कमी मात्रेचे पिवळे पाकीट असते.

पूर्वी पाच किंवा त्यापेक्षा कमी चट्टे असलेल्या मोठ्या माणसाला दोन औषधांचे हिरवे आणि मुलाला निळे पाकीट मिळे. एप्रिल २०२५ पासून भारतात अशा रुग्णांनाही तीन औषधे ६ महिने देण्याचे धोरण आले. म्हणून केवळ रंग पाहून किंवा शेजाऱ्याचे बघून उपचार कधी संपणार हे ठरवू नये. आपल्या कार्डावर किती पाकिटे लिहिली आहेत तेच पाहावे.

पहिल्या डोसनंतर त्या कामगाराला लघवी लालसर झाली, म्हणून तो घाबरला. हा रिफाम्पिसिनचा रंग आहे, रक्त नव्हे, आणि तो लवकरच जातो. पुढे क्लोफाझिमिनने कातडी काळवंडली आणि कोरडी पडली. औषध संपल्यावर काही महिन्यांत ती हळूहळू पूर्ववत होते. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगितल्या, तर निम्मी भीती तिथेच जाते.

पाचव्या पाकिटाच्या वेळी त्याचे चट्टे लाल, गरम झाले. कोपराच्या आतल्या बाजूची नस दुखू लागली आणि करंगळीचा जोर कमी झाला. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. हे औषधाचे विष नाही आणि रोग वाढल्याचेही लक्षण नाही. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंवर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरसुद्धा, तुटून पडते आणि त्या सुजेत नस दाबली जाते. काही रुग्णांना ताप येतो, अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात, सांधे दुखतात. तो रिअ‍ॅक्शनचा दुसरा प्रकार. उपचार संपल्यानंतरही रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

अशा वेळी दोन कामे करायची. एमडीटी चालू ठेवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नसेला इजा होत असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून सुमारे १२ आठवड्यांत मात्रा उतरवतात. बरे वाटले म्हणून ही गोळी मध्येच सोडू नये. नस नुकतीच, सहा महिन्यांच्या आत, अशक्त झाली असेल तर ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. उशीर झाला की बोटे वाकडीच राहू शकतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ आणि डोळे पिवळे होणे असे एकत्र दिसले, तर ती डॅप्सोनची गंभीर अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा गोळ्या थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

त्या कामगाराची दुसरी अडचण स्थलांतराची होती. दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर जाणार, मग औषध कुठून आणायचे? निघण्यापूर्वी सांगितले तर पुढच्या महिन्यांची पाकिटे सोबत देता येतात. काही डोस चुकले म्हणून सगळे वाया जात नाही. १२ पाकिटे १८ महिन्यांच्या आत आणि ६ पाकिटे ९ महिन्यांच्या आत पूर्ण झाली, तर उपचार पूर्ण धरला जातो. म्हणून खंड पडलेल्या माणसाला रागावू नये, परत न्यावे.

कार्यकर्त्यांनी रुग्णाकडे गेल्यावर "गोळ्या घेता ना?" असे विचारून थांबू नये. उत्तर नेहमी "हो" असेच येते. पाकीट बघायला मागावे आणि रिकामे कप्पे मोजावेत. मग करंगळी बाहेर पसरवायला सांगून आपल्या बोटाने ती हलकेच आत दाबावी. मागच्या महिन्यापेक्षा जोर कमी वाटला, तर त्याच दिवशी त्याच्यासोबत दवाखान्यात जावे. आमच्या कामगाराची रिअ‍ॅक्शन अशीच लक्षात आली होती. कोपर दुखते हे तो कोणाला बोललाच नव्हता.