विक्री घटली पाचवा हिस्सा, नफा मात्र पाचव्या हिश्श्यावर

कांदा-लसूण मसाला करणारे दोन बचत गट आहेत असं समजू. दोघांचा भाव किलोला ५०० रुपये, महिन्याची विक्री १,००० किलो आणि नफाही सारखाच, ५० हजार रुपये. फरक आहे तो खर्चाच्या घडणीत.

पहिल्या गटाने स्वतःचा डंका घेतला, गाळा भाड्याने घेतला, पगारी माणसं ठेवली. भाडं, पगार, यंत्राचा घसारा मिळून महिन्याला दीड लाख रुपये होतात. मसाला विकला काय, न विकला काय, हा खर्च ठरलेलाच. मिरची, खोबरं, पाकिटं यांना किलोमागे ३०० रुपये लागतात. म्हणजे प्रत्येक किलोमागे २०० रुपये उरतात.

दुसरा गट भाजणं, कांडप, पॅकिंग सगळं बाहेरून करून घेतो. त्याला किलोला ४०० रुपये लागतात, पण स्थिर खर्च फक्त ५० हजार.

आता विक्री २० टक्क्यांनी वाढली, तर पहिल्या गटाचा नफा ९० हजारांवर जातो, दुसऱ्याचा ७० हजारांवर. विक्री तेवढीच घटली, तर पहिल्याकडे १० हजार उरतात, दुसऱ्याकडे ३० हजार. विक्रीतल्या एका टक्क्याच्या बदलाने पहिल्याचा नफा चार टक्के हलतो, दुसऱ्याचा दोन. यालाच ऑपरेटिंग लिव्हरेज म्हणतात. स्थिर खर्च वजा करण्याआधीची शिल्लक भागिले नफा, हे त्याचं गणित. पहिल्या गटासाठी दोन लाख भागिले ५० हजार, म्हणजे चार.

पहिल्याला खर्च भरून निघायला ७५० किलो विकावे लागतात, दुसऱ्याला ५००. आजची विक्री या पातळीच्या जितकी वर, तितकी मार्जिन ऑफ सेफ्टी. पहिल्याची २५ टक्के, दुसऱ्याची ५०. एक भागिले पाव म्हणजे चार, एक भागिले अर्धा म्हणजे दोन. सुरक्षेचं अंतर जितकं कमी, तितका नफ्याचा हेलकावा मोठा. ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत.

लिव्हरेजचा आकडा मात्र कायमचा नसतो. विक्री ८०० किलोवर आली की पहिल्या गटाचं लिव्हरेज १६ होतं. तिथून विक्री पाच टक्के वाढली, तर नफा ८० टक्के वाढलेला दिसेल, पण प्रत्यक्षात वाढ आठ हजारांचीच असेल. नफ्याची टक्केवारी अशी अचानक फुगली, तर धंदा तोट्याच्या काठाजवळ आहे का, हे आधी तपासावं. स्थिर खर्चही यंत्राच्या क्षमतेपुरताच स्थिर राहतो. त्यापुढे दुसरा डंका घ्यावा लागला की खर्च एकदम वरची पायरी चढतो.

बेगमीचा मसाला उन्हाळ्यात खपतो, भाडं आणि पगार मात्र पावसाळ्यातही द्यावे लागतात. म्हणून यंत्र घेण्याआधी चैत्र-वैशाखातल्या विक्रीवर हिशेब मांडू नका. सर्वांत मंद गेलेल्या वर्षाची मासिक सरासरी काढा. ती ७५० किलोच्या खाली असेल, तर बाहेरून कांडप करून घेणंच शहाणपणाचं. यंत्र घ्यायचंच असेल, तर मंदीच्या महिन्यांत इतरांचं कांडप मिळेल का, याची खात्री आधी करून घ्या.