नसांच्या गोळीने आजीला गरगरतंय? आधी किडनीचा रिपोर्ट पाहा

पायाला मुंग्या येतात, तळपाय जळतात, रात्री चटके बसतात. शुगरच्या पेशंटची ही नेहमीची तक्रार. त्यावर डॉक्टर 'नसांची गोळी' लिहून देतात. गावाकडे बऱ्याच जणांना ती व्हिटॅमिनची गोळी वाटते. पण पाकिटावरचं नाव नीट वाचलं, तर 'प्रीगॅबलिन ७५ मि.ग्रॅ.' किंवा 'गॅबापेंटिन ३०० मि.ग्रॅ.' असं लिहिलेलं दिसतं. त्यापुढे 'मिथाइलकोबालामिन' असतं, ते व्हिटॅमिन बी-१२ आहे. नसेची आग शांत करणारं आणि झोपही आणणारं खरं औषध पहिलं.

चांगली किडनी असलेल्या तरुण माणसाला या गोळीने सुरुवातीला गुंगी येते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत ती कमी होते. वय झालेल्या आणि किडनी कमजोर असलेल्या माणसाचं मात्र उलटं होऊ शकतं. पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून तोल जायला लागतो.

असं का होतं?

बहुतेक औषधं लिव्हरमध्ये मोडली जातात. या दोन औषधांचं तसं नाही. ती जवळपास जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडतात, म्हणजे सगळा भार किडनीवर. किडनी चांगली असेल तर प्रीगॅबलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण सहा तासांत निम्मं होतं. किडनीचं काम बरंच घटलं असेल, तर त्यालाच सुमारे २५ तास लागतात. सकाळची गोळी अंगातून उतरलेली नसते, तोवर संध्याकाळची पोटात जाते. विहिरीतला उपसा बंद पडला आणि झरे चालूच राहिले, तर पाणी चढतच जातं, तसं हे औषध रक्तात साठत जातं.

आणखी एक गोष्ट. ज्या शुगरने पायाच्या नसा खराब होतात, तीच शुगर किडनीही खराब करते. त्यामुळे ही गोळी ज्याला लागते, त्याचीच किडनी कमजोर असण्याची शक्यता जास्त.

एक उदाहरण पाहू

समजा, एक आजी आहेत. वय ७२, वजन ४५ किलो, पंधरा वर्षांपासून शुगर. तळपायाच्या आगीसाठी त्यांना प्रीगॅबलिन ७५ सकाळ-संध्याकाळ सुरू झालं, म्हणजे दिवसाला १५० मि.ग्रॅ. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.६ आलं. मुलगा म्हणाला, "थोडंच वाढलंय, काही नाही त्यात."

इथेच फसगत होते. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. म्हाताऱ्या, बारीक माणसाच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी बरीच कमजोर झाली तरी आकडा थोडाच वाढलेला दिसतो. म्हणून गोळीचा डोस ठरवताना डॉक्टर वय आणि वजन धरून हिशेब करतात.

तो हिशेब असा: १४० मधून वय वजा करायचं, १४० − ७२ = ६८. त्याला वजनाने गुणायचं, ६८ × ४५ = ३०६०. मग ७२ ला क्रिएटिनिनने गुणून (७२ × १.६ = ११५.२) त्या आकड्याने भागायचं. उत्तर साधारण २६.६ येतं. बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं, म्हणजे सुमारे २३. (सूत्रातला ७२ हा आकडा ठरलेला आहे, आजींच्या वयाशी त्याचा संबंध नाही.)

निरोगी तरुण माणसाचा हाच आकडा १०० च्या आसपास असतो. म्हणजे 'थोडंच वाढलेलं' १.६ क्रिएटिनिन असलेल्या या आजींची किडनी जेमतेम पाव हिश्श्याने काम करते आहे.

हा आकडा १५ ते ३० असेल, तर प्रीगॅबलिन दिवसाला २५ ते ५० मि.ग्रॅ.पासून सुरू करतात आणि जास्तीत जास्त १५० पर्यंत नेतात. आजींची सुरुवातच त्या शेवटच्या मर्यादेवर झाली. गॅबापेंटिनचंही तसंच. चांगल्या किडनीला दिवसाला ९०० मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त चालतं, पण या आकड्याला २०० ते ७०० च्या आतच ठेवतात.

कसं ओळखायचं?

आजी दुपारीही पेंगतात, बोलताना जीभ जड होते, दारू प्यायल्यासारखी चाल होते. चहाचा कप धरताना हाताला अचानक झटका बसून कप सांडतो. काही वेळा माणूस असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, "वय झालं आता." पण हा बदल गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर आठवड्याभरात आला असेल, तर वयाला दोष देण्याआधी गोळीकडे पाहायला हवं. चक्कर आली की पहिल्यांदा शुगर तपासा, कारण शुगर कमी झाली तरी असंच होतं. शुगर ठीक असेल, तर बीपी बसून आणि उभं राहून मोजून घ्या. या गोळीत कधी कधी 'नॉरट्रिप्टिलिन' मिसळलेलं असतं. त्याने उभं राहताच बीपी खाली येऊ शकतं.

सगळ्यात जास्त धोका रात्रीचा. लघवीला उठलं, अंधारात तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर कित्येक महिने अंथरुणात जातात. म्हणून पलंगावर आधी दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. दिवा लागलेला ठेवायचा.

गोळी लगेच बंद करायची का?

स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. बरेच दिवस चाललेली गोळी अचानक तोडली, तर झोप उडते, घाम येतो, मळमळतं, जीव घाबरतो. फिट्सच्या पेशंटला फिट येऊ शकते. डॉक्टर किमान आठवडाभर घेऊन ती हळूहळू कमी करतात. या आजींना दोन वेळांची गोळी आधी एका वेळेवर, रात्री, आणता येईल आणि मग २५ च्या साध्या कॅप्सूलवर. मिश्र गोळी बऱ्याचदा ७५ चीच असते, तिच्यात डोस खाली आणता येत नाही. पाकिटावर 'एसआर' लिहिलं असेल, तर ती गोळी तोडायची किंवा चावायचीही नाही. व्हिटॅमिन लागत असेल तर ते वेगळं देता येतं.

मात्र माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, तर पुढची गोळी देऊ नका आणि थेट १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. ट्रामाडॉलसारखी दुखण्याची कडक गोळी, झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर हा धोका बराच वाढतो.

डॉक्टरांकडे जाताना

सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीवर दुसऱ्या दवाखान्यातून आणलेलीसुद्धा. क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट आणि आजचं वजन सांगा. डायलिसिस चालू असेल तर ते आधी सांगा, कारण डायलिसिसमध्ये हे औषध धुऊन निघतं आणि डोसची वेळ त्यावर ठरते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, तरीही विचारून घ्या. तेव्हा किडनीचं काम घटतं आणि कालपर्यंत चालणारा डोस आज जास्त होऊ शकतो.