पंचावन्नावर कोणीच नाही

समजा, एका वर्गात चाळीस मुलं आहेत आणि गणिताचा पेपर शंभर गुणांचा आहे. वीस जणांना २५ ते ४४ च्या दरम्यान गुण पडले, उरलेल्या वीस जणांना ६६ ते ८५ च्या दरम्यान. सोपं जावं म्हणून प्रत्येक गुणावर एकेकच विद्यार्थी आहे असं धरू. मधला ४५ ते ६५ हा पट्टा पूर्ण रिकामा. उदाहरण बेतलेलं असलं तरी असा निकाल शिक्षकांना नवखा नाही. ज्यांचे अपूर्णांक कच्चे राहिले, त्यांची पुढची बीजगणिताची सगळीच उदाहरणं अडतात. ज्यांचे पक्के, ती मुलं धडाधड सोडवत जातात.

या वर्गाची सरासरी येते ५५ आणि मध्यकही ५५. दोन्ही आकडे बिनचूक आहेत, फक्त ५५ गुण मिळालेला एकही विद्यार्थी वर्गात नाही.

आता याच गुणांचा बॉक्स प्लॉट काढू. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांच्या १९७७ च्या पुस्तकामुळे ही आकृती सर्वत्र पोहोचली. ती पाच आकड्यांवर उभी असते: सर्वांत कमी गुण, पहिलं चतुर्थक, मध्यक, तिसरं चतुर्थक आणि सर्वांत जास्त गुण. आपल्या वर्गासाठी हे आकडे २५, ३४.५, ५५, ७५.५ आणि ८५. चौकट ३४.५ पासून ७५.५ पर्यंत, मध्ये ५५ वर रेघ, दोन्ही बाजूंना छोट्या मिश्या. आकृती अगदी सममित आणि शांत दिसते. चौकटीत अर्धा वर्ग असतो हे माहीत असलेला वाचक साहजिकच समजतो, की मधल्या रेघेभोवती मुलांची दाटी असणार. प्रत्यक्षात चौकटीतली वीसही मुलं तिच्या दोन टोकांना चिकटून उभी आहेत: दहा जण ३५ ते ४४ मध्ये, दहा जण ६६ ते ७५ मध्ये.

शेजारच्या तुकडीत मधली वीस मुलं ३५ पासून ७५ पर्यंत सारख्या अंतराने पसरलेली असतील आणि बाकीचे गुण तेच असतील, तरी तिचा बॉक्स प्लॉट हुबेहूब असाच येईल. पहिल्या वर्गाला दोन वेगळ्या गटांत शिकवायची गरज आहे, दुसऱ्याला कदाचित नाही. पण दोन्ही चौकटी शेजारी ठेवून पाहणाऱ्या मुख्याध्यापकांना फरक कळायचा कुठून?

जेरी हिंट्झ आणि रे नेल्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्हायोलिन प्लॉट इथे उपयोगी पडतो. त्यात प्रत्येक गुणाभोवती एक छोटा गुळगुळीत उंचवटा कल्पून सगळ्या उंचवट्यांची बेरीज करतात आणि मिळालेली वक्ररेषा आरशातल्यासारखी दोन्ही बाजूंना काढतात. जिथे मुलं जास्त, तिथे आकृती रुंद. आपल्या वर्गाच्या आकृतीला ३५ आणि ७५ च्या आसपास दोन फुगे येतात, मध्ये कंबर.

ही कंबर किती बारीक, हे मात्र प्रत्येक उंचवटा किती पसरट धरला यावर ठरतं. पायथनच्या सीबॉर्न या साधनात काहीही न बदलता आकृती काढली, तर हा पसरटपणा इथे साधारण दहा गुणांचा येतो. त्यामुळे ५५ वर, जिथे कोणीच नाही, तिथेही आकृती फुग्याच्या जवळजवळ निम्मी रुंद राहते. पसरटपणा निम्मा केला, की कंबर दोऱ्याइतकी होते. उलट दुप्पट केला, तर दोन्ही फुगे एकमेकांत मिसळतात आणि आकृती सर्वांत रुंद दिसते ती नेमकी ५५ वर! म्हणजे व्हायोलिनही खोटं बोलू शकतं, आणि बॉक्स प्लॉटपेक्षा जास्त ठामपणे.

दुसरी खोड शेपट्यांची. सीबॉर्न आपणहून वक्ररेषा शेवटच्या गुणाच्या पुढेही ओढतं. इथे वरची शेपटी सुमारे १०५ पर्यंत जाते, शंभर गुणांच्या पेपरात! दोन्हींवर उपाय एका ओळीचा आहे:

```
sns.violinplot(y=marks, bw_adjust=0.5, cut=0)
sns.stripplot(y=marks, color="black")
```

दुसरी ओळ प्रत्येक विद्यार्थ्याचा एक ठिपका काढते, आणि ती वगळू नये. पसरटपणा फार कमी केला तर दोन-चार मुलांच्या योगायोगानेही फुगे उठतात. फुगा खरा की योगायोगाचा, हे ठिपके मोजून लगेच कळतं. पसरटपणा थोडा कमी-जास्त करूनही दोन फुगे टिकत असतील, तर गट मानायला हरकत नाही. आठ-दहा मुलांच्या तुकडीसाठी तर व्हायोलिन काढूच नये, नुसते ठिपके पुरेत. आणि जिल्ह्यातल्या पन्नास शाळा एका पानावर मांडायच्या असतील, तर बॉक्स प्लॉट आजही सुटसुटीत. फक्त ज्या शाळेची चौकट इतरांपेक्षा लांबलचक आणि मिश्या आखूड दिसतील, तिचे ठिपके वेगळे काढून पाहावेत.