फोटोतला तपकिरी, डोक्यावरचा काळा

लग्नसराईत बारामतीच्या पार्लरमध्ये मोबाइल पुढे येतो: "ताई, हाच राखाडी तपकिरी हवा." फोटोतले केस बहुधा आधी ब्लीच केलेले असतात. इंदापूरहून आलेल्या नवरीच्या केसांत मात्र काळी मेंदी मुरलेली.

अशा मेंदीत बहुतेकदा पीपीडी हा रासायनिक रंग असतो. केसाच्या आत त्याचे मोठे रेणू बनतात आणि तिथेच अडकतात. नवा फिकट रंग त्यांना हटवू शकत नाही. मुळं उजळतात, टोकं काळीच राहतात. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या टोकाला अडीच वर्षांपूर्वीची मेंदीही सापडते!

फोटोतला प्रकाशही फसवतो. पिवळ्या बल्बखाली तीच छटा तांबूस दिसते. म्हणून आधी मागची एक बट रंगवून, वाळवून, दारातल्या उन्हात पाहावी.