पुण्याचे ऊन वेल्ह्याच्या भाताला

भोरच्या पश्चिम पट्ट्यात आणि वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, खरीप म्हणजे भात. खाचरे उतारावर पायरी-पायरीने बसवलेली, आणि त्यांत बहुतेक ठिकाणी इंद्रायणी. आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेली ही जात. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी पीकवाढीचे मॉडेल चालवायचे तर हा भाग विलक्षण शिकवणारा आहे, कारण मॉडेलला काय पुरवले नाही तर ते कसे फसते, हे इथे ढळढळीत दिसते.

भातासाठी आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे मॉडेल म्हणजे डीसॅट या संचातले सेरेस-राइस. संचाची पहिली आवृत्ती १९८९ ची, पण त्याचा पाया एका वेगळ्याच प्रश्नावर घातला गेला होता. १९८२ मध्ये सुरू झालेल्या आयबीएसनॅट प्रकल्पातील शास्त्रज्ञ १९८३ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये जमले, ते मॉडेल चालण्यासाठी किमान किती माहिती लागते हे ठरवायला. तेव्हा आखलेली चौकट आजही तशीच आहे: रोजचे हवामान, जमिनीचे थरवार गुणधर्म, पिकाची लागवड-व्यवस्था आणि जातीचे गुणांक.

मॉडेल एकेक दिवसाने पुढे सरकते. आजचे ऊन, तापमान आणि पाऊस घेऊन ते आज किती शुष्क पदार्थ तयार झाला, किती पाने वाढली, जमिनीतून किती पाणी आणि नत्र गेले, हे काढते. आजची शिल्लक घेऊन उद्याचा हिशेब सुरू होतो. म्हणून रोजची एखादी चूक बारीक असली तरी ती एकाच बाजूची असेल, तर चार महिन्यांत साचत जाते. हवामानाच्या फाइलमधली एक नमुन्याची ओळ अशी दिसते:

```
@DATE  SRAD  TMAX  TMIN  RAIN
24190  11.3  26.1  21.8  64.0
```

२०२४ च्या १९० व्या दिवसाची, म्हणजे ८ जुलैची ही ओळ. यातले SRAD, म्हणजे दिवसभरात प्रति चौरस मीटर पोहोचलेली सौरऊर्जा मेगाज्यूलमध्ये, हाच इथला अडचणीचा रकाना आहे. मंडळांतल्या स्वयंचलित केंद्रांवर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मिळतो. सौरऊर्जा मात्र बहुधा दुसरीकडून आणावी लागते. विद्यार्थी मग पुण्याच्या वेधशाळेचे आकडे घेतात, नाहीतर नासा पॉवरचे. नासा पॉवरमध्ये सौरऊर्जेचा एक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या एक-एक अंशाचा, म्हणजे कडेला शंभर किलोमीटरहून मोठा असतो. घाटमाथ्यावरचे ढग आणि पूर्वेकडचे उघडे आकाश त्यात एकत्र मिसळून जाते.

याने किती फरक पडतो, ते हिशेबाने पाहू. सूर्यप्रकाशाच्या तासांवरून सौरऊर्जा काढण्याचे नेहमीचे सूत्र असे आहे:

```
Rs = Ra × (0.25 + 0.50 × n/N)
```

जुलैमध्ये या अक्षांशावर वातावरणाबाहेरची ऊर्जा Ra सुमारे ३९ आणि दिवसमान N सुमारे १३ तास. पुण्याच्या बाजूला त्या दिवशी ५ तास ऊन पडले असे धरू, तर Rs येतो १७.३. तोरण्याच्या पायथ्याशी ढगांतून जेमतेम १ तास सूर्य दिसला, तर ११.३. म्हणजे पुण्याचा आकडा लावला की वेल्ह्याच्या भाताला कागदावर दीडपट ऊन मिळते. पीक ऊर्जेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, नत्र आणि पानांचे क्षेत्रही त्याला रोखतात. तरीही आवणीनंतरच्या ढगाळ आठवड्यांत मॉडेलचे पीक खऱ्या पिकापेक्षा बरेच जाड होते.

आता यातला खरा धोका. मॉडेलने हेक्टरी सहा टन दाखवले आणि शेतात चार निघाले, की विद्यार्थी जातीचे गुणांक हलवू लागतो. सेरेस-राइसमध्ये G1 हा गुणांक लोंबीतल्या संभाव्य दाण्यांची संख्या ठरवतो. तो खाली ओढला की उत्पादन चारावर येते, आलेख छान जुळतो आणि प्रबंधात ‘अंशांकन समाधानकारक’ असे लिहिले जाते. पण इथे जास्तीच्या उन्हाची चूक इंद्रायणीच्या माथी मारली गेली. पुढच्या वर्षी पाऊस लवकर उघडला, किंवा तोच गुणांक पूर्वेला नसरापूरकडच्या शेताला लावला, की अंदाज कोसळतो.

ही लपलेली चूक पकडता येते, पण त्यासाठी फक्त कापणीचे वजन पुरत नाही. फुटव्यांच्या अवस्थेत, लोंबी धरताना आणि फुलोऱ्यात ठरावीक क्षेत्रातली झाडे कापून, भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवून मोजायची आणि ते आकडे PlantGro.OUT शेजारी ठेवायचे. मॉडेल लोंबी धरायच्या आधीच पुढे पळत असेल, तर दोष दाण्यांच्या गुणांकात असूच शकत नाही, कारण दाणे अजून आलेलेच नाहीत. मग ऊन, तापमान किंवा नत्राकडे पाहायचे. गुणांक बसवण्याचा क्रमही यातूनच ठरतो: आधी फुलोरा आणि पक्वतेच्या तारखा जुळवायच्या, उत्पादनाचे गुणांक त्यानंतर.

तारखांचा हिशेब तापमानावर चालतो, दिवसमानाला संवेदनशील जातींत त्यावरही. भातासाठी पायाचे तापमान ९ अंश धरतात. एखाद्या अवस्थेला ६०० अंश-दिवस लागत असतील, तर सरासरी २४ अंशांत ते ४० दिवसांत पुरे होतात आणि २६ अंशांत ३५ दिवसांत. दोन अंशांच्या चुकीने फुलोरा पाच दिवस अलीकडे येतो.

पाण्याचे कोडे याहून स्थानिक आहे. चिखलणी केलेल्या खाचरातून पाणी किती झिरपते, हे मॉडेलला सांगावे लागते आणि बांधाची उंचीही. खाचरात १०० मिलिमीटर पाणी उभे आहे आणि रोज ४ मिलिमीटर बाष्पीभवन-उत्सर्जनात जाते असे समजू. झिरपा ३ मिलिमीटर असेल तर पाणी १४ दिवस टिकते, १२ असेल तर सहाव्या-सातव्या दिवशी खाचर उघडे पडते. ऑगस्टमध्ये दहा दिवसांची उघडीप आली, तर पहिल्या मॉडेलला ताण दिसत नाही, दुसऱ्याला दिसतो. पाऊस तोच, जातही तीच. हा आकडा पुस्तकातून उचलू नये. खाचरात दोन सारखे डबे बसवावेत, एक तळ असलेला, दुसरा बिनतळाचा, दोन्हींत भात लावलेला. रोजच्या उतरणीतला फरक म्हणजे झिरपा.

इतके मोजूनही एक गोष्ट मॉडेलच्या आवाक्याबाहेर राहते. त्याच्या लेखी खाचर एकटे असते. पाणी वरून पडते, खाली झिरपते, बांधावरून वाहून गेले की हिशेबातून संपते. वेल्ह्यात ते संपत नाही. वरच्या खाचराचे पाणी खालच्यात उतरते, बांधातून पाझरते, आणि उघडिपीतही खालची खाचरे ओली राहतात. त्यामुळे मॉडेल वरच्या खाचरांशी जुळते आणि खालच्यांत ताण फुगवून दाखवते. हे कळायचे असेल तर प्रयोगाची ठिकाणे एकाच उतारावर वर, मध्ये आणि खाली अशी घ्यायला हवीत. सगळी रस्त्याकडेच्या सपाटीवर घेतली तर हा दोष दिसणारच नाही. करपा, खोडकिडा, वाऱ्यापावसात इंद्रायणीचे लोळणे, तांदळाचा वास, हे तर या हिशेबात नाहीच.

मग मॉडेलला विचारायचे काय? माझ्या मते, एखाद्या हंगामात अमुक गटात किती क्विंटल निघेल हे विचारू नये. तुलना विचाराव्यात. एकच जमीन, तेच गुणांक, आणि गेल्या ३० वर्षांचे हवामान घेऊन जुलैच्या पहिल्या आठवड्यातली आवणी आणि शेवटच्या आठवड्यातली आवणी चालवून पाहावी. हाती एक आकडा येत नाही, दोन्ही बाजूंचे तीस-तीस आकडे येतात. तिसांपैकी किती वर्षी उशिराच्या आवणीने उत्पादन घटले, आणि घटले ते ढगांमुळे, पाण्यामुळे की दाणे भरताना पाऊस सरल्यामुळे, हे वर्षागणिक उलगडता येते. झिरप्याची खात्री नसेल तर हीच तुलना ३ आणि १२ मिलिमीटर धरून दोनदा चालवावी. दोन्ही वेळा उत्तर एकच आले, तर ते उतारावरच्या बहुतेक खाचरांना लागू पडेल. उत्तर उलटले, तर आवणीच्या तारखेबद्दल काही सांगण्याआधी त्या शेतात डबे बसवायला हवेत.