चिंगी गेली, एवढं आधी लिहा

‘आमची लाडकी चिंगी आज इंद्रधनुष्याच्या पुलापलीकडे गेली. आम्ही रडणार नाही, कारण तिला आम्हाला हसताना पाहायला आवडायचं. निरपेक्ष प्रेम म्हणजे काय, हे तिने शिकवलं. आता ती सगळ्या वेदनांतून मुक्त होऊन एक तारा झाली आहे. तिच्या जाण्याचा शोक नको, तिच्या आयुष्याचा उत्सव करूया!’

पाळलेला कुत्रा किंवा मांजर गेल्यावर लिहिला जाणारा मजकूर बहुतेकदा असा असतो. वरचा मजकूर नमुन्यादाखल रचलेला आहे, पण यातलं एकही वाक्य वाचकाला अनोळखी वाटणार नाही. खोटं यात कुणी बोलत नसतं. लिहिणारी बाई रडून रडून थकलेली असते आणि हाताला लागतील ती वाक्यं घेते. तरीही सगळं वाचून झाल्यावर चिंगी कुत्री होती की मांजर, हेसुद्धा कळत नाही.

यातला पूल परदेशातून आला आहे. स्कॉटलंडच्या एडना क्लाइन-रेखी यांनी 1959 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आपला मेजर नावाचा लॅब्रेडॉर गेल्यावर एक छोटा मजकूर लिहिला. तो हातोहात जगभर गेला आणि लेखिकेचं नाव मात्र मागे राहिलं. ते 2023 मध्ये पुन्हा उजेडात आलं. एका मुलीने एका कुत्र्यासाठी लिहिलेलं ते खासगी दुःख होतं. आज त्याचा शिक्का झाला आहे आणि तो कुणाच्याही फोटोखाली उठतो.

पण माणसं शिक्क्याकडे का वळतात? अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकात अशा दुःखाचा विचार मांडला, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. जनावराचा मृत्यू त्यातच मोडतो. त्यासाठी सुतक नसतं, ऑफिसात रजा मिळत नाही, कुणी भेटायला येत नाही. ‘कुत्रंच होतं ना, एवढं काय?’ हे वाक्य कुणीतरी बोलणार, याची लिहिणाऱ्याला आधीच धास्ती असते. म्हणून तो स्वतःच आपलं दुःख गोड करून ताटात वाढतो. ‘आम्ही रडणार नाही’ हे वाक्य चिंगीबद्दल नाहीच. ती वाचणाऱ्याची मागितलेली माफी आहे. मजकूर दुरुस्त करताना सगळ्यात आधी हीच माफी काढायची.

मग पुन्हा लिहायचं कसं? लिहिणारी व्यक्ती खचलेली असेल तर जवळच्या कुणीतरी शेजारी बसून साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तरं जशीच्या तशी टिपावीत. कधी गेली? काय झालं होतं? शेवटी काय खाल्लं? तिला कशाचा राग यायचा? घरात आता काय चुकल्यासारखं वाटतं? बोलताना माणूस तारे-पूल आणत नाही. तो म्हणतो, ‘अगं, मंगळवारी सकाळी. आठवडाभर पाण्यालाही तोंड लावत नव्हती.’ हीच वाक्यं कामाची.

चिंगीचा मजकूर या वाटेने गेला तर असा होईल:

‘चिंगी मंगळवारी सकाळी गेली. तेरा वर्षांची होती. दोन वर्षांपासून किडनीचा आजार होता. शेवटच्या आठवड्यात तिने खाणं सोडलं, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावून इंजेक्शन द्यायचं आम्ही ठरवलं. दोन दिवस आधी द्यायला हवं होतं की थांबायला हवं होतं, ते अजून समजत नाही. कुकरच्या शिट्टीवर ती भुंकायची आणि दूधवाल्याशी तिचं शेवटपर्यंत पटलं नाही. तिचं पातेलं अजून उचललेलं नाही. सध्या फोनवर बोलणं जमणार नाही, पण तुमच्याकडे तिचे फोटो असतील तर पाठवा.’

पहिल्या वाक्यात ‘गेली’ आहे आणि तेवढं पुरेसं आहे. मराठीत आई-वडिलांसाठीही आपण हेच म्हणतो. फक्त घरात लहान मूल असेल तर त्याच्याशी बोलताना ‘झोपवलं’ म्हणू नये. मुलं ते शब्दशः घेतात आणि रात्री झोपायला घाबरतात.

इंजेक्शनचं वाक्य सगळ्यात अवघड. बरेच जण ते गाळतात किंवा त्यावर ‘वेदनामुक्त’चं पांघरूण घालतात. किडनी निकामी होत जाते तेव्हा रक्तात घाण साठते, मळमळ होते, अन्नाचा वासही नकोसा होतो. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस दिला जातो. निर्णय सुटकेचा असतो, पण सही घरच्याची असते. ती टोचणी एका वाक्यात लिहिली, की पुढे सांत्वनाचं वाक्य जोडायचा मोह होतो. तो टाळावा. प्रश्न उघडा राहू द्यावा, कारण घरात तो उघडाच आहे.

आणि दूधवाला? तो हवाच. अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांची डेझी नावाची स्कॉटी कुत्री न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीखाली सापडून गेली. तिच्यावर त्यांनी 1932 मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये छोटा मृत्युलेख लिहिला. अपघाताची जागा त्यांनी सांगितली, त्या क्षणी ती एका फुलवाल्याच्या दुकानाशी वास घेत होती हे सांगितलं, आणि थोडीशी ओळख असलेल्या लोकांना ती हेकट वाटायची, हेही लपवलं नाही. त्यात तिची थोरवी कुठेच गायलेली नाही. म्हणूनच डेझी दिसते, आणि वाचताना हसूही येतं. ते हसू उसनं नाही, त्या कुत्रीच्या स्वभावातून आलेलं आहे. दुःखाच्या मजकुरात विनोद वर्ज्य नाही. तो आणून चिकटवलेला नसावा, एवढंच.

प्रत्येक वाक्याची एक सोपी पारख आहे. चिंगीच्या जागी शेजारच्या टायगरचं नाव घालून बघावं. वाक्य तसंच चालत असेल, तर ते चिंगीचं नव्हे. ‘निरपेक्ष प्रेम शिकवलं’ टायगरलाही चालतं, कुकरची शिट्टी चालत नाही.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. कापता कापता काहीजण मजकूर दवाखान्याच्या केसपेपरसारखा कोरडा करतात: तारीख, आजार, वय, संपलं. मग एखादा तपशील परत घ्यावा, वरच्या मजकुरात पातेलं आहे तसा. काहीजण शेवटच्या रात्रीचं, उलट्यांचं, झटक्यांचं सविस्तर वर्णन करतात. ते खरं असलं तरी जवळच्या एखाद्या माणसाला बोलून दाखवावं; सकाळी चहा पिताना वाचणाऱ्या पन्नास जणांसाठी ते नाही. डॉक्टरांवरचा रागही त्याच दिवशी लिहू नये. आणि श्रद्धा खरीच असेल, घरात ‘देवाघरी गेली’ असंच म्हणत असतील, तर ते खुशाल लिहावं. आक्षेप श्रद्धेला नाही, उसन्या आनंदाला आहे.

शेवटचं वाक्य व्यवहाराचं आहे आणि ते फार उपयोगी पडतं. काय हवं, काय नको, हे लिहिलं नाही तर लोक फोन करतात आणि ‘आता दुसरं पिल्लू आणा’ म्हणतात.

असा मजकूर तुमच्यापर्यंत आला, तर उत्तरात त्या जनावराचं नाव लिहा आणि तुम्हाला आठवत असलेली त्याची एक खोड लिहा. नवीन पिल्लाचा विषय त्या घरच्यांनी काढेपर्यंत तुम्ही काढू नका.