बंद पडलेल्या खात्यातला आपला माल

गूगलने खाते निलंबित केले की बहुतेक जण आधी अपील लिहायला बसतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. अपील फेटाळले गेले आणि खाते पुसले गेले, तर फोटो आणि पत्रव्यवहारही त्याच्याबरोबर जातात. म्हणून आधी डेटाची प्रत, मग अपील.

निलंबित खात्यात लॉगिन करायचा प्रयत्न केला की सूचनेचे पान उघडते. अनेकदा त्याच पानावर डेटा डाउनलोड करण्याचा पर्याय असतो, पण प्रत्येक वेळी तो मिळेलच असे नाही. खाते हॅक झाल्याचा संशय असेल किंवा बालकांच्या लैंगिक शोषणासारखा गंभीर आरोप असेल, तर गूगल तो देत नाही.

खाते अजून चालू आहे, पण बंद होणार आहे, अशा वेळी takeout.google.com वर जावे. समजा, कॉलेज संपले आणि संस्थेने दिलेले खाते महिनाअखेरीस बंद होणार आहे. तिथे जीमेल, फोटो, ड्राइव्ह निवडता येतात, अर्थात संस्थेने ही सोय बंद केलेली नसेल तर. प्रत कुठे पाठवायची हे विचारले जाते, आणि घोळ नेमका इथे होतो. ‘ड्राइव्हमध्ये जोडा’ निवडले, तर प्रत त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसते आणि खात्याबरोबरच बंद होते. त्यापेक्षा लिंक मागवावी आणि फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी. ही लिंक साधारण आठवडाभरच चालते, आणि मोठ्या खात्याची प्रत तयार व्हायला काही तास, कधी काही दिवसही लागतात. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

फाइल उतरली म्हणजे काम झाले असे समजू नका. झिप उघडून archive_browser.html पाहा, काही राहून गेले असेल तर त्याची नोंद तिथे सापडते. मेल .mbox स्वरूपात येते, ती थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये वाचता येते. दुसऱ्याच्या मालकीच्या, तुमच्याशी फक्त शेअर केलेल्या फाइली मात्र या प्रतीत येतील असे धरून चालू नका. त्या वेगळ्या मागून घ्याव्या लागतात.

बटणच मिळाले नाही तर? युरोपीय संघात राहणाऱ्या मराठी माणसाला जीडीपीआरच्या कलम १५ खाली लेखी अर्ज करता येतो. खाते निलंबित असले तरी कंपनीकडे डेटा आहे तोवर हा हक्क राहतो. उत्तर एका महिन्यात द्यावे लागते. गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने वाढवून घेता येतात. त्याच अर्जात खाते पुसण्याची मागणी मात्र करू नका, नाहीतर देण्यासारखे काही उरणार नाही.

भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे कलम ११ आपल्या डेटाचा सारांश मागण्याचा हक्क देते, पूर्ण प्रतीचा नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण हे कलम त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहे. म्हणून भारतातल्या वाचकांना विनंती आहे: खाते चालू आहे तोवर, याच आठवड्यात, एक प्रत उतरवून घ्या.